वरची अर्धी लाट

आमच्या कॉलेजात अध्यक्षांच्या फोटोशिवाय कागदाचा चिटोराही छापला जात नाही. हजेरीपट असो, बसचं वेळापत्रक असो, वर डाव्या कोपऱ्यात अध्यक्ष हात जोडून हसत असतात. उजव्या कोपऱ्यात त्यांचे कैलासवासी वडील, ते हसत नाहीत. मध्ये संस्थेचं बोधचिन्ह, त्याखाली प्राचार्य, आणि विभागाचा कागद असेल तर विभागप्रमुखांचा फोटो. एवढी मंडळी बसली की मग उरलेल्या जागेत शिक्षण.

मी नम्रता. शहापूरहून मुरबाडला जाणाऱ्या रस्त्यावर, सापगाव सोडलं की थोडं पुढे हे डिप्लोमा कॉलेज लागतं. इलेक्ट्रॉनिक्स विभागात मी चार वर्षं कंत्राटावर शिकवत होते. कंत्राट अकरा महिन्यांचं. बाराव्या महिन्यात आम्ही कोण असतो ते कुणालाच ठाऊक नाही, पण वर्ग मात्र आम्हीच घ्यायचे.

आमचे विभागप्रमुख अनिल वेखंडे सर. माणूस वाईट नाही असं मी पहिली दोन वर्षं सगळ्यांना सांगत फिरायचे. आता नाही सांगत. सरांचा आवाज मोठा, सही मोठी आणि आत्मविश्वास तर विचारूच नका. कम्युनिकेशनचा तास त्यांनी घेतल्याला सात-आठ वर्षं झाली होती, पण त्या विषयात आपला हात कुणी धरू शकत नाही हे ते आठवड्यातून एकदा तरी स्वतःच सांगत.

गेल्या वर्षी विभागाचा निकाल लागला एकतीस टक्के. प्राचार्यांनी मीटिंग बोलावली आणि फर्मान काढलं, की प्रत्येक विषयाची एक शीट काढायची. एकच पान, एकाच बाजूला, कारण मागच्या बाजूला पुढच्या वर्षीच्या प्रवेशाची जाहिरात. शीटचं नावही वरूनच आलं, ‘यशाची गुरुकिल्ली’. पोरांनी ती पाठ करायची आणि पास व्हायचं, एवढंच.

अॅनालॉग मॉड्युलेशन, म्हणजे आवाज वाहक लाटेवर चढवून पाठवायच्या रीती, त्याची गुरुकिल्ली घडवायचं काम आलं माझ्याकडे. खरं सांगते, मला आनंद झाला. कुणाला वाटेल, एका पानात काय मावणार? पण त्यातच तर मजा आहे. अडीचशे पानांचं पुस्तक एका पानात आणायचं तर काय सोडायचं यापेक्षा काय सोडायचं नाही हे कळावं लागतं. चार संध्याकाळी बसले. जेवताना सासूबाईंनी विचारलं, “गो, कसली नक्षी काढतेस एवढी?” म्हटलं, लाटा काढते.

पानाचे तीन भाग केले. वर लाटांची चित्रं. आधी संदेशाची साधी लाट, म्हणजे आपला आवाज. तिच्याखाली एएम, ज्यात वाहक लाटेची उंची आवाजाप्रमाणे कमीजास्त होते. वरची कड आवाजासारखी आणि खालची कड तिचं आरशातलं रूप. तिच्याखाली डीएसबी, म्हणजे वाहक काढून टाकलेलं एएम. तिथे आवाज शून्यातून पलीकडे गेला की आतली वाहक लाट उलटी होते. ती जागा मी लाल शाईने गोल केली, कारण डीएसबी ओळखायची ती खूण. शेवटी एफएम, उंची कायम, फक्त लाटा कुठे दाटीवाटीने तर कुठे विरळ.

मधल्या भागात बँडविड्थची सूत्रं. एएमला आणि डीएसबीला आवाजातल्या सर्वांत मोठ्या फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट जागा. वाहकाच्या दोन्ही बाजूंना आवाजाची एकेक नक्कल असते; एसएसबी त्यातली एकच बाजू पाठवतं, म्हणून त्याला निम्मी. एफएमला कार्सनचा नियम, फ्रिक्वेन्सी जास्तीत जास्त जितकी सरकते ती अधिक आवाजाची मोठी फ्रिक्वेन्सी, आणि त्या बेरजेची दुप्पट. खाली दोन सोडवलेली उदाहरणं.

आणि तळाला गोंगाटाचा तक्ता, माझ्या मते अख्ख्या पानाचा जीव. सारख्याच ताकदीने पाठवलं, वाटेत सारखाच गोंगाट लागला, तर पलीकडे कोण किती स्वच्छ पोचतं? डीएसबी आणि एसएसबी दोघांना एक गुण, अगदी बरोबरीत. साध्या एएमला एका सुरावर शंभर टक्के मॉड्युलेशन केलं तरी जास्तीत जास्त एक तृतीयांश, कारण बाकीची ताकद वाहक खातो. एफएमला मॉड्युलेशन इंडेक्सच्या वर्गाची दीडपट. इंडेक्स पाच धरला तर साडेसदतीस! आणि त्याखाली ठळक अक्षरांत एक ओळ, की हे सगळं सिग्नल गोंगाटाच्या साधारण दसपट ताकदीचा असेपर्यंतच, त्याखाली घसरला की एफएम एकदम कोसळतं.

पान तयार झालं तेव्हा मी ते हातभर लांब धरून पाहिलं. स्वतःचीच दृष्ट लागेल असं झालं होतं.

सरांनी पाहिलं आणि पहिलाच प्रश्न केला, “फोटो कुठे बसणार?”

“सर, एका कोपऱ्यात छोटे…”

“छोटे? अध्यक्षांचा फोटो छोटा?” सरांनी खुर्ची मागे ढकलली. “मॅडम, वरचं पाव पान मोकळं करा. वरचं खाली घ्या, कापाकापी करा. अनुभव लागतो याला. द्या इकडे.”

अनुभव मग कामाला लागला. सरांनी लाल पेन काढलं आणि एएमच्या लाटेच्या बरोबर मधून आडवी रेघ मारली. “खालचं अर्धं उडवा.”

“सर, खालचं कसं उडवणार?”

“अहो, वर जे आहे तेच खाली आहे ना? तुम्हीच लिहिलंय, आरशातलं रूप. मग एकच गोष्ट दोनदा कशाला काढायची? जागा वाचली की नाही?” चारही लाटांच्या मधून चार रेघा मारून ते माझ्याकडे असे बघायला लागले, की आता टाळ्याच वाजवाव्यात.

मी म्हटलं, “सर, डीएसबीत आतली लाट उलटी होते ते हाताने काढलेल्या अर्ध्या चित्रात दिसणारच नाही. नुसते उंचवटे दिसतील. पोरांना ते एएमच वाटेल.”

“वाटू दे. खाली नाव लिहिलंय ना डीएसबी म्हणून?”

कप्पाळ माझं! सर तक्त्यावर आले. डीएसबी आणि एसएसबी बरोबरीत हे त्यांना अजिबात रुचलं नाही. “बरोबरीत असं काही नसतं. पोरं गोंधळतात. नंबर द्या. एफएम पहिला, एसएसबी दुसरा, डीएसबी तिसरा, एएम चौथा.”

“पण एसएसबी दुसरा का?”

“निम्मी जागा लागते, म्हणजे गोंगाट निम्माच आत येतो. साधी गोष्ट आहे.”

साधी गोष्ट आहे खरी, पण अर्धीच. डीएसबीत गोंगाट दुप्पट शिरतो हे खरं, पण दोन्ही बाजू पावलाला पाऊल जुळवून एकमेकींत मिळतात आणि आवाज जोरात येतो. गोंगाटाला ते जमत नाही. शेवटी हिशेब सारखा होतो. हे मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात सरांनी एफएम कोसळण्याची ओळही खोडली. “निगेटिव्ह वाटतं. पहिला नंबर आलेल्याबद्दल असं लिहितात का कुठे?” त्या ओळीच्या जागी आलं, ‘संकलन व मार्गदर्शन: प्रा. अनिल वेखंडे’.

आणि मी काय केलं? गप्प बसले. माझं कंत्राट मे महिन्यात संपत होतं आणि नव्या कंत्राटावर पहिली सही त्यांची लागायची. मी मान हलवली, कापलेलं पान टाइप करून दिलं, आणि सोमवारी माझ्याच हाताने अडतीस पोरांना वाटलं.

वर्गात दुसऱ्या बाकावर पौर्णिमा बसायची. सापगावची पोरगी. तिचा मामा धम्मपाल उंबरमाळीकडे जंगलात वनखात्याचा पहारेकरी आहे, आणि त्याच्या वायरलेस सेटपायी या पोरीला रेडिओचं वेड लागलेलं. तिने शीट उलटसुलट करून पाहिली आणि हात वर केला.

“मॅडम, ही एएम नाय ना? अर्धी कापलेली लाट डायोडच्या पुढे असते, सेटच्या आत. हवेत अशी लाट नसते.”

वर्ग हसला. मी म्हटलं, “परीक्षेत शीटप्रमाणे काढा.”

हे वाक्य माझंच. कुणी माझ्या तोंडात घातलं नव्हतं. पौर्णिमा खाली बसली. तास संपल्यावर ती प्रयोगशाळेत आली, तेव्हा दार लोटून घेऊन मी तिला ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर खऱ्या लाटा उमटवून सगळं दाखवलं. तिला आणि तिलाच. बाकीचे सदतीस जण तोवर कॅन्टीनला पोचले होते, आणि मला तेच बरं वाटलं. एका पोरीला खरं सांगितलं म्हणजे आपण फार मोठं काम केलं अशी माझी समजूत झाली होती.

आता पुढची गोष्ट अशी, की मुरबाडच्या एमआयडीसीत वायरलेस सेट दुरुस्त करणारा एक छोटा कारखाना आहे. त्यांनी आमच्या वर्गातून दोन पोरं निवडली, पौर्णिमा आणि मुकेश. जुलैपासून रुजू व्हायचं, पण डिप्लोमाचा पूर्ण निकाल हातात हवा. लेखी पेपर दोघांचेही बरे गेले होते. राहिली होती फक्त कम्युनिकेशनची तोंडी परीक्षा. पंचवीसपैकी दहा हवेत. नऊ मिळाले तर डिप्लोमा अडकला, कारखाना गेला. पौर्णिमाच्या घरातून नोकरीला निघालेली ती पहिलीच मुलगी, आणि तिच्या आईने, वंदनाताईंनी, तिच्यासाठी मुरबाडच्या बसचा पास कुठून काढायचा हेसुद्धा विचारून ठेवलं होतं.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले प्रणय सर. कल्याणपलीकडच्या एका कॉलेजातले, तरुण, गोड बोलणारे. आमच्याकडे एक रीत आहे. बाहेरचा परीक्षक आला की पहिल्यांदा चहा, मग नारळ, मग गुणपत्रकावर सही. होय, कोऱ्या गुणपत्रकावर! आकडे नंतर भरायचे. दुपारी मुरबाड रोडच्या हॉटेलात गावठी कोंबडीचं जेवण असतं, त्यानंतर साहेबांना सह्यांचा त्रास नको म्हणून ही सोय. पुढच्या आठवड्यात वेखंडे सर त्यांच्याकडे परीक्षक म्हणून जाणार, तिथेही हीच सोय. इतका विश्वास सख्ख्या भावांतसुद्धा नसतो.

अंतर्गत परीक्षक म्हणून खालची सही माझी. गुण लिहायचे मी आणि बोर्डाच्या पोर्टलवर भरायचेही मीच. वेखंडे सरांचं खरं म्हणजे तिथे काही कामच नव्हतं. पण ते प्रणय सरांच्या खुर्चीला खुर्ची लावून बसले आणि गुरुकिल्ली त्यांच्या हातात ठेवून म्हणाले, “ही आमची आदर्श उत्तरं. उगाच पुस्तकं चाळायला नकोत.”

पोरं एकेक करून येऊ लागली. प्रश्न तेच, एएम काढा, डीएसबी काढा, गोंगाटात कोण चांगलं? उत्तरंही तीच. जमिनीवर टेकलेले उंचवटे, भाकऱ्या अर्ध्या मोडून ओळीने ठेवाव्यात तसे. प्रणय सर हातातलं पान बघत, फळा बघत आणि म्हणत, “छान.” मुकेश आला. त्याने तर अर्धी लाट इतकी सुबक काढली, की वेखंडे सरांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. “एकवीस,” सर म्हणाले. मी एकवीस लिहिले.

सदतीस झाले. शेवटी पौर्णिमा.

तिने फळ्यावर आडवी रेघ ओढली आणि लाट वर काढली, खालीही काढली. डीएसबीत जिथे कड शून्याला टेकते तिथे आतली लाट उलटी करून दाखवली.

“हे काय आहे?” वेखंडे सर.

“डीएसबी, सर. इथं फेज उलटते.”

“शीटमध्ये असं आहे का?”

“शीटमधली चूक आहे, सर.”

वेखंडे सरांचं नाक लाल झालं. प्रणय सरांनी मात्र पहिल्यांदाच पान खाली ठेवलं. त्यांनी विचारलं, “बरं, गोंगाटात एसएसबी चांगलं की डीएसबी?”

“दोन्ही सारखी. एसएसबीत गोंगाट निम्मा येतो, पण डीएसबीच्या दोन बाजू एकत्र मिळतात तेव्हा आवाज वाढतो, गोंगाट तेवढा नाय वाढत. बरोबरी होते.”

“आणि एफएम?”

“लय चांगलं. पण सिग्नल बरा असेल तोवरच. माझ्या मामाचा सेट एफएमचा आहे, सर. उंबरमाळीला वळणापर्यंत आवाज एकदम साफ. वळण घेतलं की खडखड सुरू, आणि चार पावलांत सगळा खेळ खलास. एएमसारखं हळूहळू नाय खराब होत. त्याला थ्रेशोल्ड म्हणतात.”

प्रणय सरांच्या चेहऱ्यावर काहीतरी जुनं आठवल्यासारखं झालं. बहुतेक तेही हे कधीतरी शिकले असावेत. ते “अं… हे बरोबर…” एवढं म्हणाले आणि वेखंडे सरांनी टेबलावर हात आपटला. “पाठांतर करून उलट बोलायची सवय आहे हिला. सर, तुम्ही लक्ष देऊ नका. लाट अर्धीच असते. सात वर्षं शिकवलंय मी!”

मला राहवलं नाही. मी उठले आणि कोपऱ्यातला एएम लाट तयार करणारा किट चालू करून ऑसिलोस्कोपला जोडला. पडद्यावर लाट उमटली, अख्खी. वरची कड, खालची कड, मध्ये दाट हिरवा पट्टा. म्हटलं, आता तरी बोलती बंद होईल.

वेखंडे सर उठले, ऑसिलोस्कोपजवळ गेले आणि चष्मा वर करून क्षणभर बघत राहिले. मग त्यांनी चित्र वर-खाली सरकवायचं बटण धरलं आणि पिळायला सुरुवात केली. चित्र खाली, आणखी खाली. शेवटी खालचं अर्धं पडद्याबाहेर गेलं आणि फक्त वरचे उंचवटे उरले. सर मागे वळले. “हां. सेटिंग चुकलं होतं.”

देवाशप्पथ सांगते, मला हसू आलं आणि रडूही. पौर्णिमाने मान खाली घातली. मी प्रणय सरांकडे पाहिलं. बोला हो, तुम्ही तर बाहेरचे आहात! प्रणय सरांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, “सर सीनियर आहेत. जेवायला उशीर होतोय का?”

पौर्णिमाला बाहेर पाठवलं. वेखंडे सर माझ्याजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, “हिला नऊ.”

“सर, नऊला नापास होते.”

“मला मोजता येतं. पुढच्या परीक्षेला नीट काढेल. शिस्त लागते अशाने.” आणि दोघं कोंबडी खायला निघून गेले.

प्रयोगशाळेत मी एकटी उरले. पुढ्यात गुणपत्रक, त्यावर प्रणय सरांची वळणदार सही सकाळपासून वाट बघत होती. सदतीस आकडे भरलेले, एक जागा रिकामी. मला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? चार वर्षं याच माणसाच्या सहीसाठी मी गप्प राहिले होते. पण त्या बटणाचा पीळ काही डोळ्यांसमोरून हलेना. एखादा माणूस नकाशा चुकवतो ते समजू शकते. याने तर गावच उचलून नकाशाबाहेर ढकललं.

मी तेवीस लिहिले. खाली माझी सही ठोकली, कॉम्प्युटरवर पोर्टल उघडलं, आकडे भरले आणि कन्फर्म दाबलं. कन्फर्म झाल्यावर एकही गुण बदलायचा तर बोर्डाला पत्र लागतं. त्यात कारण लेखी द्यायचं, सोबत आदर्श उत्तरपत्रिका जोडायची.

तीन वाजता प्रणय सरांना घेऊन वेखंडे सर दात कोरत आले. त्यांनी पडद्यावर आकडा पाहिला आणि दात कोरायचे थांबले.

“हे काय?”

“तेवीस, सर.”

“मी नऊ सांगितले होते!”

“हो. बदलायचे असतील तर बोर्डाला पत्र द्या. सोबत गुरुकिल्ली जोडावी लागेल. वर अध्यक्षांचा फोटो आहेच, त्यांचे वडीलही आहेत, खाली तुमचं नाव. बोर्डात तज्ज्ञ बसतात, त्यांनाही बघू दे अर्धी लाट.”

प्रणय सरांनी घाईघाईने बॅग उचलली. “माझी सही आहे का त्यावर?” त्यांनी विचारलं. म्हटलं, सकाळीच केलीत ना, चहानंतर. ते घामाघूम झाले आणि वेखंडे सरांच्या कानाशी लागले, की राहू द्या सर, पत्रबित्र नको. उगाच चौकशी व्हायची आणि दोन्ही कॉलेजांची व्हायची.

वेखंडे सरांनी माझ्याकडे एकदा रोखून पाहिलं. “मॅडम, तुमचं रिन्यूअल विसरा.”

“विसरले,” मी म्हटलं. आवाज नीट आला याचं मलाच नवल वाटलं.

पौर्णिमा बाहेर पायरीवर बसली होती. तेवीस मिळाले, पास झालीस म्हटल्यावर तिने माझे दोन्ही हात घट्ट धरले आणि धावत सुटली. मी फाट्याकडे चालत निघाले. नोकरी गेली होती, घरी काय सांगायचं ठाऊक नव्हतं, तरी छाती अशी फुलली होती की विचारता सोय नाही. एकटीच हसत होते. मनातल्या मनात वेखंडे सरांना अजून चार वाक्यं सुनावत होते.

फाट्यावर मुकेश उभा होता. माझी वाट बघत.

“मॅडम, पौर्णिमाला तेवीस दिले म्हणे.”

“हो.”

“तिची लाट बरोबर होती?”

“होती.”

त्याने दप्तर खांद्यावर सरकवलं. “म्हणजे माझी चूक होती.”

मी म्हटलं, “चूक होती रे. पण काळजी करू नकोस, तू पास आहेस. एकवीस आहेत तुला.”

“ते माहीत आहे,” तो म्हणाला. “पण जुलैला मी सेट खोलून बसणार. पडद्यावर अख्खी लाट दिसली असती, तर मी सेटच बिघडलाय म्हणून तो दुरुस्त करत बसलो असतो. पौर्णिमा शेजारच्या टेबलावर. सगळे हसले असते मला.”

“मी शिकवते तुला. उद्याच ये. शहापूरला घरी ये.”

“येईन.” त्याने पायाने एक खडा उडवला. “मॅडम, शीट वाटली तेव्हा तुमाला माहीत होतं?”

खोटं बोलता आलं असतं. नाही बोलले. “माहीत होतं.”

“मग वाटली कशाला?”

“नोकरी जाईल म्हणून.”

“आणि आज? आज राहिली का?”

“गेली.”

मुकेशने मान हलवली. आवाजात राग नव्हता, उद्धटपणा तर मुळीच नव्हता. वर्गात शंका विचारावी तसं तो म्हणाला, “मग तेव्हाच घालवायची होती ना, मॅडम. आमी अडतीस जण होतो.”